अर्धा निबंध

माझ्या वर्गातून निबंध अर्धा घरी जात नाही. हा नियम मी इंग्रजी सहावीच्या, म्हणजे हल्लीच्या दहावीच्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची. त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. बाईंना वेड लागलंय असं त्यांना वाटे, आणि मी ते वाटू देई. घंटा झाली, शिपाई दारं लावायला आला, कुणाची आई फाटकाशी येऊन उभी राहिली, तरी मी मुलींना सोडत नसे. दोन्ही बाजू कागदावर आल्या की मगच वही मिटायची. मुख्याध्यापिकाबाईंनी मला यावरून समजही दिली होती. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगायचं म्हणजे प्लेगचं साल सांगावं लागेल.

तेव्हा मी मराठी चौथीत होते. आमचे अप्पा हुबळीच्या मुन्सफ कोर्टात कारकून. आई, मोठी अक्का, मधला अण्णा आणि शेंडेफळ मी. अक्काचं लग्न अळणावरला झालं होतं आणि ती बाळंतपणाला आलेली होती. मुलगी झाली. तीन महिने होऊनही सासरहून बोलावणं आलं नव्हतं, कारण मुलगी झाली म्हणून तिकडची मंडळी तोंड फुगवून बसली होती. अक्काला त्याचं काही वाटत नव्हतं. "बसू देत की फुगून, मला तेवढीच विश्रांती," असं म्हणून ती मुलीला मांडीवर घेऊन पेरू खात बसायची. ती मराठी चौथीपर्यंत शिकली होती. पुढं शिकवली असती तर आमच्यापैकी सगळ्यांत तीच शिकली असती, असं माझं अजूनही मत आहे. पण शिकवला अण्णाला.

अण्णा हुशार होता हेही खरं. तो इंग्रजी सहावीत होता आणि त्यांना मराठीला जे मास्तर होते ते निबंधाच्या बाबतीत सगळ्या गावात प्रसिद्ध होते. बाकीच्या शाळांत निबंध म्हणजे पाठांतर. 'सूर्य नसता तर' नाहीतर 'परोपकार', दोन संस्कृत वचनं वर, दोन खाली, मधे जे सुचेल ते. या मास्तरांना त्याचा संताप यायचा. ते मुलांना विषय असा देत की ज्यावर गावात भांडण चालू आहे, आणि लिहायच्या आधी आराखडा करून घेत. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे पूर्वपक्ष, म्हणजे जे आपल्याला पटत नाही त्याची बाजू. उजवीकडे उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. दोन्हीकडे तीन तीन मुद्दे आणि खाली निर्णय. प्रत्येक मुद्द्याचा एक परिच्छेद, आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला त्या मुद्द्याचं मुख्य वाक्य. मुख्य वाक्य प्रश्न नसावं, सुविचार नसावा, सरळ विधान असावं. त्याच्या खाली कारण, मग दाखला, मग त्यातून काय निघालं ते. कुणी नुसती मुख्य वाक्यं वाचत गेला तरी सगळा युक्तिवाद त्याला कळला पाहिजे, नाहीतर निबंध परत.

हे सगळं मला अण्णाकडून माहीत. तो घरी येऊन मला आणि अक्काला शिकवायचा. त्याला शिकवायला कुणीतरी लागायचंच.

आता मास्तरांची एक खास रीत होती आणि सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. ते पूर्वपक्ष आधी लिहून घेत, आणि उत्तरपक्ष पुढच्या आठवड्यात. मधल्या दिवसांत मुलांनी दुसऱ्याच्याच बाजूनं विचार करत हिंडायचं. ते फळ्यावर जोडशब्दांची यादी देत. तीही दोन हप्त्यांत. पहिल्या आठवड्यात भर घालणारे शब्द: शिवाय, त्याचप्रमाणे, इतकेच नव्हे तर. कारणाचे: कारण, त्यामुळे, म्हणून, सबब. दाखल्याचे: उदाहरणार्थ, जसे. वळण घेणारे शब्द, म्हणजे परंतु, तथापि, उलटपक्षी, असे असले तरी, हे दुसऱ्या आठवड्यात. का, तर पोरांच्या हातात 'परंतु' आधीच दिला की ती दुसऱ्याच्या बाजूचं एक वाक्य लिहितात आणि लगेच 'परंतु' घालून ते पाडतात. दुसऱ्याला धड बोलूच देत नाहीत. "ज्याचं म्हणणं तुम्ही त्याच्यापेक्षा चांगलं मांडू शकत नाही, त्याला उत्तर द्यायचा तुम्हाला हक्क नाही," असं ते म्हणत. मी स्वतः पुढं निबंध शिकवला, तेव्हा मला कळलं की हे अगदी बरोबर होतं. शिकवण्याची याहून चांगली रीत मला आजही माहीत नाही. म्हणूनच त्या रीतीचा मला जास्त राग येतो.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि गावात उंदीर पडायला लागले. हुबळीला ते नवीन नव्हतं. उंदीर पडले की घरं सोडायची, माळावर तट्ट्यांच्या झोपड्या घालायच्या आणि थंडी संपेपर्यंत तिथं राहायचं, हे लहान पोरालाही माहीत होतं. आम्हा पोरांना नवीन होती ती टोचणीची दवंडी. म्युनिसिपालटीचा डॉक्टर गल्लीगल्लीतून येणार, सगळ्यांनी लस टोचून घ्यावी. ओट्याओट्यावर त्यावरून वाद. मास्तरांनी स्वतः टोचून घेतली होती, दंड सुजलेला होता, तशा हातानं फळ्यावर विषय लिहिला: प्लेगची लस टोचून घ्यावी काय?

पूर्वपक्ष अर्थातच, घेऊ नये.

अण्णानं तो लिहिला. मास्तरांनी पुढच्या आठवड्याची यादी द्यायच्या आत शाळेमागच्या धान्याच्या वखारीत उंदीर पडले आणि शाळा बंद झाली. मास्तर बायकोमुलांना घेऊन कलघटगीला सासुरवाडीस गेले. वर्गातली सगळी पोरं अर्धा निबंध घेऊन आपापल्या माळावर पांगली.

आमच्या झोपड्या हल्ली जिथं विद्यानगर आहे तिकडच्या माळावर होत्या. तेव्हा तिथं बाभळी आणि दगड. आमच्या ओळीत सगळी ओळखीचीच घरं होती. एका बाजूला पोस्टातून पेन्शन घेतलेले काका आणि काकू, दुसऱ्या बाजूला अप्पांच्याच कोर्टातले लोक. आम्हा पोरांना झोपडीत राहणं म्हणजे चैन वाटायची, हे सांगायला आता लाज वाटते, पण तशी वाटायची. शाळा नाही, वर उघडं आभाळ, आणि काकू सगळ्यांना मिळून भाकऱ्या थापायच्या.

शनिवारी डॉक्टर माळावर येणार असं ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी सगळे आमच्या झोपडीपुढं जमले. टोचायची की नाही हे ठरवायला. अप्पांचा कल घ्यावी असाच होता. मला हे पक्कं आठवतं, कारण सकाळीच ते आईला म्हणाले होते, "उद्या पोरांना लवकर जेवायला घाल. टोचल्यावर ताप येतो म्हणतात." पण अप्पांना एक खोड होती. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते वांग्याची भाजी करायची की दोडक्याची हेसुद्धा ठरवत नसत. सगळा जन्म कोर्टात गेलेला.

"आमच्या चिरंजीवांनी यावरच लिहिलंय," अप्पा म्हणाले. "वाच रे."

अण्णानं वही आणली. "अप्पा, हा पूर्वपक्ष आहे. अर्धाच आहे अजून."

"असू दे की. पूर्वपक्षच आधी ऐकतात."

अण्णा उभा राहून वाचू लागला. त्याचा आवाज नुकताच फुटलेला होता आणि तो जपून वाचत होता. ती तिन्ही मुख्य वाक्यं मला पाठ आहेत. पहिलं: ही लस निरोगी माणसाला आधी आजारी पाडते. खाली कारण, दोन दिवस ताप, हात उचलत नाही; शिवाय मोलकऱ्याची मजुरी बुडते; इतकेच नव्हे तर अंगावर पाजणाऱ्या बाईने तापात मूल कसे सांभाळावे? दुसरं: लस घेतल्यास प्लेग होणारच नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उदाहरणार्थ, आमच्या गल्लीच्या तोंडावरील शिंप्याने लस टोचून घेतली आणि तो चार दिवसांत गेला. तिसरं: प्लेगवरचा खरा उपाय आपल्याच हाती आहे, व तो म्हणजे घर सोडणे. कारण रोग घरात आहे, उंदरात आहे. त्यामुळे जो माळावर येऊन राहिला त्याला रोग गाठू शकत नाही. सबब त्याला लशीचे प्रयोजन उरत नाही.

वाचून झालं. मग पोस्टातले काका म्हणाले, "वा! वकील होणार हा." अप्पांचा चेहरा मी बघत होते. मुलाचं कौतुक होतंय आणि आपण हसू नये, असा प्रयत्न करणाऱ्या बापाचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा बघितलं. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे युक्तिवाद उतरवून घेण्यात गेलं होतं. घरात कुणी असं सुसूत्र बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"बरं. आता दुसरी बाजू सांग," अप्पा म्हणाले.

अण्णा उभाच होता. "दुसरी अजून शिकवली नाही, अप्पा."

"शिकवायला कशाला पाहिजे? तुला काय वाटतं ते सांग."

"घ्यावी असंच वाटतं. मास्तरांनी घेतली की."

"मास्तरांनी घेतली हा मुद्दा झाला काय?"

लोक हसले. अण्णा लाल झाला. त्यानं वहीचं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं, मधोमध रेघ मारलेली, उजवीकडे काही नाही. तो म्हणाला, "म्हणजे... डॉक्टर म्हणतात... आणि सरकारसुद्धा..." आणि थांबला. आठवडाभर तो मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्याच्या बाजूनंच विचार करत हिंडला होता. इमानदार मुलगा. सांगितलं तेवढं आणि सांगितलं तसंच करणारा.

तेव्हा अक्का बोलली. ती चुलीपाशी होती, मुलगी खांद्यावर रडत होती, एका हातानं ती फुंकणी धरून होती. तिथूनच, उभी न राहता, ती म्हणाली, "ताप काय दोन दिवसांचा, प्लेगचा ताप कितीचा असतो ते बघितलंय की सगळ्यांनी. आणि तो शिंपी टोचायच्या आधीच तापला होता, त्याची बायकोच सांगत होती मला विहिरीवर. टोचलं तेव्हा अंगात होताच त्याच्या. आणि घर सोडलं घर सोडलं म्हणतोस अण्णा, सोडलंय कुठं? रोज कोण ना कोण जातंच आहे की घरी. परवा तू गेलास दप्तराला, काल आई गेली डाळीला. मी पाजते तर मला आधी टोचा, मी पडले तर हिचं काय? अगं थांब की बाई, किती रडशील!"

शेवटचं वाक्य मुलीला होतं. पण ते सगळं एका दमात आलं, मुलीच्या रडण्यात, चुलीच्या धुरात. ऐकणाऱ्यांना ते भांडण वाटलं. अप्पा प्रेमानंच म्हणाले, कारण ती त्यांची लाडकी होती, "एक एक मुद्दा सांग गं. सगळं एकदम फोडणीत टाकलंस तर काय कळणार?"

"कळत नाही तर राहू दे," अक्का म्हणाली. "मला टोचून घ्यायचीय एवढं कळलं तरी पुरे."

आजवर मी ते शंभर वेळा मनात मांडलं आहे. तिन्ही मुद्द्यांना तिन्ही उत्तरं होती. कारण होतं, दाखला होता, तोही स्वतः चौकशी केलेला. अण्णाचा शिंपी ऐकीव होता, तिचा शिंपी विचारलेला होता. तिच्यापाशी नव्हती फक्त मुख्य वाक्यं आणि जोडशब्द. सगळीकडे नुसता 'आणि'. आणि तिला उभं राहून वाचायला कुणी सांगितलं नव्हतं.

अप्पांनी निकाल दिला. त्यांच्या भाषेत बोलायचं तर एकतर्फी, दुसऱ्या बाजूनं कैफियत दाखल झाली नाही म्हणून. ते म्हणाले, "आपण माळावर आलोच आहोत. या फेरीला राहू दे. पुढच्या फेरीला डॉक्टर येईल तेव्हा बघू." पोस्टातल्या काकांनी मान हलवली, कोर्टातल्या लोकांनीही. शनिवारी डॉक्टर आला तेव्हा पलीकडच्या ओळीतल्या गवळ्यांनी आणि विणकरांनी रांगेत उभं राहून दंड पुढं केले. आमच्या शिकलेल्या ओळीतून कुणी गेलं नाही. अक्का झोपडीच्या दाराशी उभी राहून बघत होती. एकदा ती निघालीही. आईनं तिचा पदर धरला आणि कानडीत म्हणाली, "साकु, पुरे झालं. अप्पा नाही म्हणाले ना?" आईला राग आला की ती कानडीत बोलायची. अक्का परत आत आली आणि मुलीचे लंगोट धुवायला बसली.

मला नेमकं खटकतं ते हे, की कुणीही मूर्खपणा केला नाही. मूर्ख असते तर मी त्यांना शिव्या देऊन मोकळी झाले असते.

थंडी वाढली तशी मुलीला पांघरूण कमी पडू लागलं. दुपट्यांची पेटी गावातल्या घरी माडीवर राहिली होती. अक्का आणि आई एका दुपारी गेल्या आणि पेटीच घेऊन आल्या. येताना लॅमिंग्टन रोडवर सगळी दुकानं बंद होती आणि एक कुत्रं त्यांच्या मागं माळापर्यंत आलं, असं अक्का हसत सांगत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला थंडी भरून आली. काखेत गाठ आली. पोस्टातल्या काकूंनी ती बघितली आणि आमच्या झोपडीतून मुलीला उचलून आपल्याकडे नेली.

अक्काला ओळीपासून लांब बाभळीखाली वेगळी झोपडी घालून दिली. आई आत, बाकी कुणाला जायची बंदी. मी लांबून हाक मारायची. पहिल्या दिवशी ती ओ द्यायची. दुसऱ्या दिवशी ती अण्णाला हाका मारत होती, म्हणत होती, "अण्णा, लिही की पुढचं. लिही की." तापात बरळत होती, सगळे म्हणाले. अण्णा बाभळीच्या अलीकडे दगडावर बसून होता. त्याच्याजवळ जायची मला भीती वाटली. तिसऱ्या दिवशी हाका थांबल्या.

लस घेतली असती तर ती वाचली असती काय? टोचून घेतलेलेही काही गेले. पलीकडच्या ओळीत एक विणकर गेला. पण एकच. आमच्या ओळीत किती गेले ते मी मोजत नाही. पोस्टातले काकाही त्यात होते.

उन्हाळा लागताना आम्ही घरी आलो. शाळा सुरू झाली आणि मास्तर कलघटगीहून परतले. त्यांना वर्गात कळलं असावं, कारण पहिल्याच दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि ओट्यावर बसले. अप्पा त्यांच्यासमोर बसले. मग अप्पा म्हणाले, "आमचा मुलगा फार चांगला लिहितो, मास्तर. तुम्ही शिकवलंत चांगलं."

हे ते कसं म्हणाले ते मला आजवर कळलेलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. मला वाटतं ते खरंच म्हणाले.

मास्तरांनी अण्णाला म्हटलं, "बघू वही." अण्णानं आणून दिली. मास्तर वाचत गेले. मी खांबाला धरून उभी होते. त्यांच्या खिशात तांबडी पेन्सिल असायची, ती त्यांनी कधी काढली ते त्यांनाही कळलं नसावं. पहिल्या मुख्य वाक्यापाशी त्यांनी बरोबरची खूण केली. दुसऱ्यापाशी केली. तिसऱ्यापाशी, 'घर सोडणे' या शब्दांपाशी, पेन्सिल टेकली आणि खूण अर्धी झाली. मग त्यांनी हाताकडे बघितलं. वही मिटून ओट्यावर ठेवली, उठले, आणि चपला न घालताच पायऱ्या उतरले. चपला मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी नेऊन दिल्या. त्या वर्षानंतर ते हुबळीत राहिले नाहीत. कुणी म्हणायचं वऱ्हाडात गेले.

अण्णा मॅट्रिक झाला, वकील झाला नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमधे कारकून लागला. आकडे लिहायचा. घरात काही ठरवायचं असलं की उठून परसात जायचा. अक्काच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि मुलगी आमच्याकडेच राहिली. तिला मी वाढवली. माझं लग्न झालं आणि चार वर्षांत मी परत आले, तो विषय वेगळा. ट्रेनिंग घेऊन मी मुलींच्या शाळेत लागले. आणि अक्काची मुलगी इंग्रजी सहावीत माझ्याच वर्गात येऊन बसली. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि कागदाचीसुद्धा टंचाई होती. मी मुलींना पाटीवर आराखडा करायला लावायची आणि मगच वहीत उतरवून घ्यायची.

मी मास्तरांचीच रीत शिकवली. मधोमध रेघ, मुख्य वाक्य, कारण, दाखला. दुसरी रीत मला येत नव्हती. फक्त जोडशब्दांची यादी मी पहिल्याच तासाला सगळी फळ्यावर लिहायची, 'परंतु'सकट. पोरी पूर्वपक्ष कच्चा लिहायच्या हे खरं. मास्तर म्हणाले होते तसंच व्हायचं. होऊ दे म्हटलं.

एका शनिवारी तास संपला तरी मी मुलींना बसवून ठेवलं होतं. अक्काची मुलगी शेवटपर्यंत बसली. सगळ्या गेल्यावर तिनं माझ्यापुढं दोन कागद ठेवले. एक तिच्या हातचा. दुसरा पिवळा पडलेला, घडीवर फाटत आलेला. त्यावर मास्तरांच्या तांबड्या पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या आणि एक अर्धी.

"मामानं दिला," ती म्हणाली. "म्हणाला, याचं उत्तर तू लिही. मला विषय बरा वाटला म्हणून लिहिलं. बघा बाई." वर्गात ती मला बाई म्हणायची, घरी मावशी.

"आणखी काय सांगितलं मामानं?"

"सगळं सांगितलं." तिनं खाली बघितलं नाही. "आई चुलीपाशून काय बोलली तेसुद्धा."

मी वाचलं. तीन परिच्छेद. पहिलं मुख्य वाक्य: लशीचा ताप दोन दिवसांचा असतो, प्लेगचा ताप शेवटचा ठरू शकतो. दुसरं: लस घेऊन जो दगावला असे आपण ऐकतो, त्याला रोग आधीच लागला होता काय, हे विचारले पाहिजे. खाली दाखला, आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या शिंप्याचा, त्याच्या बायकोनं विहिरीवर सांगितलेला. तिसरं: घर सोडले असे आपण म्हणतो, परंतु घर कोणी सोडत नाही. उदाहरणार्थ, डाळीसाठी लोक परत जातात, दप्तरासाठी जातात, मुलाच्या पांघरुणासाठी जातात.

दुपट्यांचं अक्का बोलली नव्हती. ते तिच्या मुलीनं घातलं होतं.

मी तांबडी पेन्सिल हातात घेतली होती. ती मी परत ड्रॉवरमधे ठेवली आणि मग टेबलावर डोकं टेकून रडले. त्या शाळेत रडले ते एकदाच. पोरीनं खिडक्या लावून घेतल्या, शिपायाला बाहेरूनच परत पाठवलं आणि मला घरी घेऊन आली.

जेवताना अण्णानं विचारलं, "कसा जमलाय?"

"पैकीच्या पैकी."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. तो ताटातच ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि माझ्या अर्ध्याला किती दिले असतेस?"

पोरगी माझ्याकडे बघत होती. खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यानं एवढ्या वर्षांनी घरात पहिल्यांदा काही विचारलं होतं, आणि मी निबंध तपासणारी बाई होते.

"तेवढेच," मी म्हणाले. "तोही चांगलाच होता, अण्णा."

"हं," तो म्हणाला. "मला वाटलंच." मग पानावरून उठला आणि हात धुवायला परसात गेला.